‘सदर’ म्हणजे नेमके कोणते? करारनाम्यातले निर्देशक शब्द एकसारखे ठेवण्याची रीत

साठेखताचा मसुदा तपासायला आला की मी आधी त्यातला मोबदला पाहत नाही. पेन्सिल घेतो आणि ‘सदर’ या शब्दाभोवती गोल करत जातो. चार पानांच्या मसुद्यात तीस-पस्तीस गोल सहज होतात. मग प्रत्येक गोलापाशी थांबून एकच प्रश्न विचारतो: सदर म्हणजे कोणते? उत्तर शोधायला मागचे वाक्य पुन्हा वाचावे लागले, तर तिथे फुली मारतो.

ही रीत मी एका कलमामुळे धरली. दोन भावांची शेतजमीन एकजण विकत घेत होता. गट नंबर दोन होते, पैसे तीन टप्प्यांत द्यायचे होते. विसार आधीच विसार पावतीवर दिला होता, त्यानंतर साठेखत करायचे ठरले. तपशील इथे बदलून घेतले आहेत. मसुद्यातले सहावे कलम असे होते:

> ६. उर्वरित रक्कम रुपये २०,००,००० खरेदीखताचे वेळी देण्याचे ठरले असून, लिहून घेणार यांनी सदर मुदतीत सदर रक्कम न दिल्यास सदर करार रद्द होईल व सदरची रक्कम जप्त होईल.

एका वाक्यात चार ‘सदर’ आहेत. एकूण मोबदला छत्तीस लाखांचा. त्यात विसार पाच लाख, साठेखताच्या दिवशी अकरा लाख आणि खरेदीखताला वीस लाख. आता ‘सदरची रक्कम जप्त होईल’ यातली रक्कम कोणती? सर्वात जवळ उल्लेख आहे तो वीस लाखांचा, पण ते तर दिलेलेच नाहीत. न दिलेले पैसे जप्त कसे होणार? म्हणजे वाचणाऱ्याने अंदाज करायचा. विकणारे म्हणतील, दिलेले सगळे सोळा लाख. घेणारा म्हणेल, फक्त विसाराचे पाच. दोघेही प्रामाणिकपणे तसेच समजून सही करतील. वाद होईल तेव्हा अकरा लाखांचा होईल, आणि तो एका शब्दामुळे झालेला असेल.

‘सदर करार’ही तसाच. विसार पावती हाही करारच आहे. मग रद्द काय होणार, साठेखत की दोन्ही? ‘सदर मुदतीत’ म्हणजे कोणती मुदत? त्या कलमात मुदतच लिहिलेली नव्हती. ती तिसऱ्या कलमात ‘सदर तारखेपासून सहा महिने’ अशी होती, आणि त्याआधी तारखा दोन आल्या होत्या: विसार पावतीची ४ मार्च आणि साठेखताची १८ एप्रिल. दीड महिन्याचा फरक.

हाच मसुदा दुरुस्त करत आपण पुढे जाऊ.

हे शब्द आले कुठून आणि एकमेकांत मिसळले कसे

मराठी दस्तांत ‘मागे सांगितलेला’ या अर्थाचे शब्द दोन वाटांनी आले आहेत. सदर, सदरहू आणि मजकूर हे अरबी-फारसीतून कचेरीच्या भाषेत आलेले. जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ किंवा ‘साल मजकूर’ असे दिसते. त्याचा अर्थ ‘वर सांगितलेले गाव’, ‘वर सांगितलेले साल’. आज मजकूर म्हणजे लिहिलेला भाग एवढेच आपल्याला माहीत असते, त्यामुळे जुना दस्त वाचताना माणूस तिथे अडखळतो. दुसरी वाट संस्कृतची: उक्त, पूर्वोक्त, उपर्युक्त, उपरिनिर्दिष्ट. कायद्यांच्या मराठी पाठांत बहुतेक ‘उक्त अधिनियम’ असते, तर गावातल्या दस्तलेखकाच्या हातून ‘सदर मिळकत’ किंवा ‘सदरील मिळकत’ येते. तिसरी, साधी मराठी वाट म्हणजे ‘वर नमूद केलेली’, ‘वरील’.

हे सगळे शब्द एकाच मसुद्यात येतात त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. मसुदा एका हाताने लिहिलेला नसतो. मिळकतीचे वर्णन जुन्या खरेदीखतातून उचललेले, भरण्याचे कलम दुसऱ्या साठेखतातून, आणि वाद निवारणाचे कलम कुठल्या तरी भाषांतरित नमुन्यातून. प्रत्येक तुकडा आपला शब्द बरोबर घेऊन येतो. मग चौथ्या कलमात ‘सदर मिळकत’, सातव्यात ‘उक्त मिळकत’, नवव्यात ‘उपरोक्त मिळकत’. लिहिणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. पण करार वाचणारा असे धरून चालतो की शब्द बदलला म्हणजे वस्तूही बदलली असेल, नाहीतर शब्द कशाला बदलला असता? निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की शिक्षक रागावतात. करारात नेमके उलटे आहे, इथे तोच शब्द परत परत आलाच पाहिजे.

‘सदर’ची आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते तीच मूळ अडचण. ‘उक्त’चा अर्थ एकच: सांगितलेला, म्हणजे मागे गेलेला. ‘प्रस्तुत’चा अर्थही ठरलेला: हातात असलेला, चालू. ‘सदर’ मात्र बोलण्यात दोन्ही कामे करतो. ‘सदर करार’ म्हणजे मागे सांगितलेला करार, आणि ‘सदर करार’ म्हणजे हाच करार. एकच दस्त असेल तेव्हा हे खपते. विसार पावती आणि साठेखत असे दोन दस्त समोर आले की मोडते.

पहिली पायरी: कराराआधी नावांची यादी

मसुद्याला हात लावण्याआधी कोरा कागद घेऊन त्यावर करारात पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू लिहा. आपल्या साठेखतात त्या अशा निघाल्या: दोन जमिनी, तीन रकमा, दोन दस्त आणि तिसरा पुढे होणारा, दोन तारखा, एक मुदत, आणि माणसे. यादी लहान असते. दहा-बारा ओळींच्या वर सहसा जात नाही. पण ती लिहिल्यावर लगेच दिसते की एका जातीच्या दोन वस्तू कुठे कुठे आहेत. धोका तिथेच असतो. करारात घर एकच असेल तर ‘सदर घर’ म्हणा, ‘उक्त घर’ म्हणा, चुकायला जागा नाही. जमिनी दोन झाल्या की ‘सदर’ एकटा पुरत नाही.

मग प्रत्येक वस्तूला नाव द्या, आणि ते नाव व्याख्येच्या कलमात एकदाच सांगा. मी असे लिहिले:

> १.१ ‘मिळकत अ’ म्हणजे परिशिष्ट १, भाग अ मध्ये वर्णन केलेली गट नंबर ११२ ची शेतजमीन, क्षेत्र ० हे. ४० आर.
>
> १.२ ‘मिळकत ब’ म्हणजे परिशिष्ट १, भाग ब मध्ये वर्णन केलेली गट नंबर ११८ ची शेतजमीन, क्षेत्र ० हे. २५ आर, तीतील विहिरीसह.
>
> १.३ ‘सदर मिळकती’ म्हणजे मिळकत अ व मिळकत ब या दोन्ही.
>
> १.४ ‘विसार रक्कम’ म्हणजे विसार पावतीने दिलेले रुपये ५,००,०००. ‘दुसरा हप्ता’ म्हणजे कराराच्या तारखेस दिलेले रुपये ११,००,०००. ‘उर्वरित रक्कम’ म्हणजे खरेदीखताचे वेळी द्यावयाचे रुपये २०,००,०००.
>
> १.५ ‘विसार पावती’ म्हणजे उभय पक्षांत दिनांक ४ मार्च रोजी झालेली पावती. ‘हा करार’ म्हणजे प्रस्तुत साठेखत, परिशिष्टांसह. ‘कराराची तारीख’ म्हणजे १८ एप्रिल.

तारखांत साल इथे गाळले आहे, दस्तात ते हवेच. ‘सदर’ काय झाला ते पाहा. तो आता बोट दाखवणारा शब्द राहिला नाही, ‘सदर मिळकती’ या नावाचा भाग झाला. पुढे कुठेही तो शब्द आला की तो १.३ कडेच जातो, मागच्या वाक्याकडे नाही. ‘सदर’ वापरायचाच असेल तर मला हीच जागा सुरक्षित वाटते.

वेगळे व्याख्या कलम नको असेल, तर पहिल्या उल्लेखापाशी कंसात नाव देण्याची जुनी पद्धतही चालते: ‘(यात यापुढे जिचा उल्लेख ‘मिळकत अ’ असा केला आहे)’. मात्र त्यातल्या सर्वनामाकडे लक्ष द्या. मिळकतीला ‘जिचा’, कराराला ‘ज्याचा’, अनेकांना ‘ज्यांचा’. मसुद्यात ‘मिळकत... ज्याचा उल्लेख’ दिसले की समजावे, हा कंस दुसऱ्या कुठून तरी, बहुधा कराराच्या वाक्यातून, चिकटवला आहे. असा तुकडा सापडला की त्याच्या आजूबाजूची चार वाक्ये जास्त बारकाईने वाचावीत. पाहुणा एकटा येत नाही.

दुसरी पायरी: एक शब्द निवडा आणि त्याचे काम ठरवा

माणसामाणसांतला करार असेल आणि दोन्ही पक्ष तो स्वतः वाचणार असतील, तर मी ‘सदर’ घेतो. तो त्यांच्या कानाला ओळखीचा आहे. करारात कायद्यांचा उल्लेख वारंवार येणार असेल, तर ‘उक्त’ घेतो, कारण मूळ अधिनियमाच्या मराठी पाठातही तोच असण्याची शक्यता जास्त आणि उतारा देताना मध्येच शब्द बदलत नाही.

काहीजण दोन्ही ठेवतात: करारातल्या वस्तूंना ‘सदर’, बाहेरच्या दस्तांना व कायद्यांना ‘उक्त’. ही वाटणी वाईट नाही. पण ती डोक्यात ठेवून भागत नाही, व्याख्येच्या कलमात लिहावी लागते आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावी लागते. मी तसे क्वचितच करतो. तीन माणसे मसुद्यावर काम करतात आणि तिसऱ्याला ही वाटणी माहीत नसते.

काहीही निवडा, तीन गोष्टी मात्र सोडा. दस्ताला स्वतःला ‘सदर करार’ म्हणू नका, ‘हा करार’ म्हणा. ‘सदरचे’, ‘सदरची’, ‘सदरप्रमाणे’ असे नामाशिवाय मोकळे रूप वापरू नका. आणि कलमाकडे बोट दाखवताना ‘वरील कलमात’ असे न लिहिता कलमाचा क्रमांक द्या. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण ऐन सह्यांच्या आदल्या दिवशी तीच फसवते. पाचवे कलम पैशांचे आणि सहाव्यात ‘वरील कलमातील अट’ असे आहे. कोणाच्या तरी सूचनेवरून मध्ये वीजजोडणीचे कलम घातले, की ‘वरील’ आपोआप वीजजोडणीकडे वळतो. एक अक्षरही न बदलता अर्थ बदललेला असतो.

तिसरी पायरी: अनुस्वाराची तपासणी

‘सदर’ आणि ‘उक्त’ हे दोन्ही शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाहीत. सदर मिळकत, सदर मिळकती, सदर दस्त, सदर रकमा. त्यामुळे वस्तू एक की अनेक हे सांगायचा सगळा भार पुढच्या नामावर पडतो. आणि मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की पुष्कळ नामांत एकवचन-अनेकवचनाचा फरक एका टिंबावर येऊन ठेपतो.

आपल्या मसुद्याचे आठवे कलम असे होते: ‘खरेदीखताचे वेळी लिहून देणार यांनी सदर मिळकतीचा प्रत्यक्ष कब्जा द्यावयाचा आहे.’ मिळकतीचा, म्हणजे एकीचा. मिळकतींचा, म्हणजे दोहोंचा. लिहिणाऱ्याच्या मनात दोन्ही जमिनी होत्या. कागदावर एक होती, आणि ती कोणती हेही नव्हते. विहीर गट ११८ मध्ये. पाण्याशिवायची जमीन ताब्यात देऊन ‘करार पाळला’ म्हणायला जागा राहिली.

‘सदर’ऐवजी ‘वर नमूद केलेल्या’ घातले तरी सुटका नाही. ‘केलेली मिळकत’, ‘केलेल्या मिळकती’ इथे फरक दिसतो. पण ‘केलेल्या मिळकतीचा’, ‘केलेल्या मिळकतींचा’ यात तो पुन्हा टिंबावरच येतो. अट, मुदत, मिळकत यांचे तसेच, आणि दस्त, गट, हप्ता, करार यांचेही तसेच: दस्ताचा-दस्तांचा, हप्त्याचा-हप्त्यांचा. रक्कम आणि जागा यांना ही भीती कमी, कारण तिथे रूपच वेगळे होते: रकमेचा-रकमांचा, जागेचा-जागांचा.

टिंब टाइप करताना राहते, छायाप्रतीत पुसट होते, आणि शाईचा ठिपका पडला तर नसलेले उगवते. म्हणून जिथे संख्येला महत्त्व आहे तिथे मी टिंबावर विसंबत नाही. एक शब्द जास्त घालतो:

> ८. खरेदीखताचे वेळी लिहून देणार यांनी मिळकत अ व मिळकत ब या दोन्हींचा प्रत्यक्ष कब्जा लिहून घेणार यांस द्यावा.

‘सदर मिळकती’ हे नाव आपणच १.३ मध्ये ठरवले असताना ते इथे का वापरले नाही, असे कोणी विचारेल. ‘सदर मिळकतींचा’ लिहिले असते तर तिथेही टिंबच राखणदार असते. एकत्रित नाव मी ‘सदर मिळकती विकण्याचे ठरले’ अशा प्रत्यय नसलेल्या जागी वापरतो. कब्जा, पैसे आणि जप्ती यांच्या कलमांत वस्तू मोजून लिहितो.

माणसांचेही असेच आहे. ‘लिहून देणार यांनी’ हे आदरार्थी रूप एका भावालाही चालते आणि दोघांनाही. त्यामुळे ‘सदर लिहून देणार यांनी नोटीस द्यावी’ म्हटले की दोघांनी मिळून द्यायची की एकाने दिली तरी चालेल, हे कळत नाही. ‘लिहून देणार क्रमांक १ व २ यांनी मिळून’ किंवा ‘क्रमांक १ व २ यांपैकी कोणीही’ असे स्पष्ट लिहावे.

चौथी पायरी: पूर्ण वर्णन घालून वाचून पाहणे

आता प्रत्येक उरलेल्या निर्देशक शब्दाच्या जागी, ज्याच्याकडे तो बोट दाखवतो त्याचे पूर्ण वर्णन ठेवायचे आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. मनात वाचू नका, मनात आपण पटकन पुढे सरकतो. दोन माणसे असतील तर एकाने वाचावे आणि दुसऱ्याने प्रत्येक ‘सदर’ला ‘कोणते?’ म्हणावे. दुसरा माणूस व्यवहाराबाहेरचा असला तर अधिक चांगले, कारण व्यवहारातल्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक असते आणि त्याला फट दिसत नाही.

पाचव्या कलमावर हे करून पाहा. ते असे होते: ‘लिहून घेणार यांनी गट नंबर ११२ च्या मोजणीचा खर्च व गट नंबर ११८ मधील वीजजोडणीची थकबाकी भरावयाची असून, सदरची रक्कम एकूण मोबदल्यातून वजा करावयाची आहे.’ वर्णन घालायला गेलो आणि तीन वाक्ये तयार झाली: मोजणीचा खर्च वजा करावयाचा आहे; थकबाकी वजा करावयाची आहे; दोन्ही वजा करावयाचे आहेत. तिन्ही अर्थपूर्ण, तिन्ही व्यवहारात घडणारी. मी पक्षकारांना विचारले. विकणाऱ्यांनी सांगितले, थकबाकी आमची, मोजणी त्यांची. घेणारा म्हणाला, मला वाटले दोन्ही तुमच्याकडे. म्हणजे ही गोष्ट ठरलेलीच नव्हती.

सहाव्या कलमात तेच झाले. ‘सदरची रक्कम’ काढून नाव घालायचे म्हटल्यावर विचारावे लागले की विसार जप्त होईल, पण दुसऱ्या हप्त्याचे काय. ‘सदर करार रद्द होईल’ काढल्यावर विचारावे लागले की आपोआप रद्द होईल की नोटीस द्यायची. निर्देशक शब्द धूसर असतो तेव्हा बरेचदा त्याच्या मागचा व्यवहारच धूसर असतो, आणि ‘सदर’ लिहून तो प्रश्न पुढे ढकललेला असतो. या पायरीला वेळ लागतो तो म्हणूनच, आणि तो द्यावाच लागतो. पक्षकार समोर बसलेले असताना दहा मिनिटांत ठरते. नंतर ठरत नाही.

चर्चेनंतर कलम असे झाले:

> ६. लिहून घेणार यांनी कराराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत उर्वरित रक्कम न दिल्यास, लिहून देणार क्रमांक १ व २ यांना मिळून पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन हा करार रद्द करता येईल. हा करार रद्द झाल्यास विसार रक्कम जप्त होईल, आणि दुसरा हप्ता लिहून देणार क्रमांक १ व २ यांनी रद्द झाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत लिहून घेणार यांस परत करावा.

मूळ वाक्यापेक्षा हे लांब आहे. यात ‘सदर’ एकदाही नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. मी ‘रद्द झाल्याच्या तारखेपासून’ लिहिले तेव्हा पुन्हा थांबलो, कारण ती तारीख नोटिशीची की पंधरा दिवस संपल्याची हे उरतेच. शेवटी ‘नोटिशीची मुदत संपल्याच्या तारखेपासून’ असे केले.

पाचवी पायरी: संगणकावरची शोधाशोध

हाताने गोल करून झाल्यावर संगणकावर शोध घेतोच, कारण डोळा थकतो. ‘सदर’ शोधला की सदरहू, सदरील, सदरची हेही त्यात सापडतात. ‘उक्त’ शोधल्यावर मात्र ‘उपरोक्त’, ‘पूर्वोक्त’ आणि ‘उपर्युक्त’ सापडत नाहीत, कारण त्यांच्यात ‘उ’ हे सुटे अक्षर न राहता मात्रेत गेलेले असते. ते वेगवेगळे शोधावे लागतात. जाता जाता: उपरि आणि उक्त यांची संधी ‘उपर्युक्त’ होते, पण ‘उपरोक्त’ इतका रुळला आहे की दस्तात त्यावरून अडून बसू नये. दोन्ही मात्र नकोत. ‘वरील’ शोधला तर ‘विहिरीवरील’, ‘बांधावरील’ असेही येतील, ते सोडून द्यावेत.

‘सादर’ही शोधा. ‘सादर मिळकत’ ही टंकलेखनातली नेहमीची चूक आहे, आणि सादर हाही शुद्ध शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणीत तो पकडला जात नाही.

सगळीकडे एकदम बदलण्याची आज्ञा या शब्दांवर कधीही देऊ नका. ‘सदर’चा ‘उक्त’ केला की ‘सदरहू’चा ‘उक्तहू’ होतो. त्याहून वाईट म्हणजे जुन्या दस्ताचा शब्दशः दिलेला उतारा बदलतो. मागच्या खरेदीखतात ‘सदरहू मिळकत’ असेल तर अवतरणचिन्हांत तेच राहिले पाहिजे, कारण तो आपला मजकूर नाही. एकेक जागा पाहून बदलावी. आणि मसुद्याचा काही भाग श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला, काही युनिकोडमधला असेल, तर युनिकोडमध्ये टाइप करून घेतलेला शोध जुन्या भागातले काहीच दाखवत नाही. शोधाचे उत्तर ‘शून्य’ आले म्हणून निर्धास्त होऊ नये, आधी सगळा मजकूर एका पद्धतीत आणावा.

परिशिष्टे विसरली जातात. मिळकतीच्या वर्णनानंतर ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक सदर मिळकत’ हे ठरावीक वाक्य दोन्ही भागांखाली जसेच्या तसे राहते. तिथे भाग अ खाली ‘मिळकत अ’ आणि भाग ब खाली ‘मिळकत ब’ असायला हवे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ प्रमाणे स्थावर मिळकतीचे वर्णन ती ओळखू येईल इतके पुरेसे असावे लागते. करारातले नाव आणि परिशिष्टातले वर्णन यांची गाठ इथेच पडते.

एवढे करूनही राहिले तर

प्रत्येक सैल ‘सदर’ने करार बुडतो असे नाही. न्यायालय दस्त समग्र वाचते, आणि इतर कलमांवरून अर्थ स्पष्ट होत असेल तर एका शब्दावर अडत नाही. पण दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही असा करार शून्य ठरतो. आणि दस्ताची भाषा वाचताक्षणीच संदिग्ध दिसत असेल, तर ती फट बाहेरच्या पुराव्याने भरता येत नाही. पूर्वी हे पुरावा अधिनियमाच्या कलम ९३ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९६ मध्ये आहे. ‘आमचे बोलणे असे झाले होते’ हे सांगायला साक्षीदार तयार असला तरी त्याचे ऐकले जाईलच, असे धरून चालता येत नाही. उलट, शब्द अगदी स्पष्ट असले तरी जप्तीसारख्या अटीवर करार अधिनियमाच्या कलम ७४ ची वाजवी भरपाईची मर्यादा राहू शकते. त्यासाठी त्या व्यवहारापुरता वकिलाचा सल्ला घ्यावा.

चूक सह्या होण्याआधी कागदावर दिसली तर नवे पान छापणे सर्वांत चांगले. तेवढा वेळ नसेल आणि हाताने दुरुस्ती केली, तर त्या जागी दस्त करून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरी हवी, नाहीतर नोंदणी अधिकारी नोंदणी अधिनियमाच्या कलम २० खाली दस्त नाकारू शकतो. टिंब घातले असेल तरीही. नोंदणीनंतर दिसली तर चूक दुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावे लागते, आणि त्यावर मूळ दस्तातल्या सगळ्या पक्षकारांच्या सह्या लागतात. एकाने नकार दिला तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दावा करावा लागतो, आणि दोन्ही पक्षांचा खरा हेतू काय होता ते तिथे सिद्ध करावे लागते. दोन भावांपैकी एकजण मध्ये वारला असेल, तर त्याच्या सगळ्या वारसांना दुय्यम निबंधकाच्या टेबलासमोर उभे करून, ज्या बोलण्यात ते कधी नव्हतेच त्या बोलण्यातल्या ‘सदर’चा अर्थ त्यांना सांगावा लागतो.